वीजबिल, रफ ड्राफ्ट आणि तीन मिनिटांची व्हायवा: एआयला फारसं काम उरणार नाही अशी असाइनमेंट कशी बनवायची

मी एसवायबीकॉमला इकॉनॉमिक्स शिकवते, वर्गात 62 मुलं. दोन वर्षांपूर्वी इंटर्नलच्या असाइनमेंटचा गठ्ठा घेऊन बसले तर ओळीने अकरा जणांची सुरुवात "आजच्या गतिमान युगात" अशी. आधी वाटलं एकमेकांचं कॉपी केलंय, पण नाही, पुढचा मजकूर प्रत्येकाचा वेगळा, गुळगुळीत, आणि सगळ्यांचा सारखाच पोकळ.

पहिला मोह होतो तो डिटेक्टरचा, म्हणजे मजकूर टाकायचा आणि तो सांगणार हे मशीनने लिहिलंय. त्या वाटेला जाऊ नका. खुद्द ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये असं टूल काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले निबंध सात डिटेक्टरना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध, माणसांनी लिहिलेले असूनही, एआयचे ठरले. आपली मुलं तर इंग्रजी अशीच जपून, पाठ केलेल्या वाक्यांत लिहितात, उगाच कोणावर तरी आळ यायचा. म्हणून मी पकडापकडी सोडली आणि असाइनमेंटच बदलली. खाली देतेय ती वीजबिलाची असाइनमेंट, माझी सगळ्यात बरी चाललेली, तिच्यावरूनच पायऱ्या सांगते.

पायरी 1: मार्क आधी हलवा

हे सगळ्यात आधी करायचं, कारण घरून आणलेल्या फायनल कागदाला 20 पैकी 20 मार्क असतील तर बाकी काहीही केलं तरी उपयोग नाही. मी असे वाटते: वर्गातल्या ड्राफ्टला 5, घरून पक्कं करून आणलेल्या लेखाला 5, व्हायवाला 10. म्हणजे घरी कोणीही लिहून दिलं, मोठ्या ताईने, क्लासवाल्याने किंवा चॅटजीपीटीने, तरी जास्तीत जास्त पाचच मार्कांचा फायदा. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवते.

पायरी 2: विषय नाही, वस्तू आणायला सांगा

"वीज दररचनेवर टिपण लिहा" असा विषय दिला की संपलं. मी सांगते, घरची दोन वीजबिलं आणा, एक उन्हाळ्यातलं, एक हिवाळ्यातलं, झेरॉक्स काढून, नाव आणि ग्राहक क्रमांक काळा करून. फोनमधलं बिल चालणार नाही, कारण त्या तासाला फोन बॅगेत असतात. प्रश्न काय असणार ते मात्र सांगत नाही, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. पहिल्या वर्षी मी प्रश्न आठवडाभर आधी दिला होता, तर मुलांनी घरी उत्तर बनवून पाठ केलं आणि वर्गात येऊन ओतलं, ड्राफ्ट वर्गातला खरा पण डोकं बाहेरचं! ते ओळखूही येतं, कागदावर एक खाडाखोड नाही, स्वतःच्या बिलातला एक आकडा नाही.

बिल नसलेली मुलं असतातच, होस्टेलची, भाड्याच्या खोलीतली, घरमालकाच्या मीटरवरची. त्यांना सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका, नावं काळी केलेली चार-पाच जोड्या बिलं आपल्याच फाईलला ठेवा आणि गुपचूप द्या.

पायरी 3: वर्गातला ड्राफ्ट

आमचा तास 48 मिनिटांचा. हजेरी, कागद वाटणं यात दहा मिनिटं जातात, म्हणून लिहायला 30 धरायची, शेवटी गोळा करायला आठ. कागद म्हणजे परीक्षेच्या सप्लिमेंट, कोपऱ्यात माझी सही आणि तारीख. साधे कॅल्क्युलेटर दोन-तीन बाकांमागे एक.

मग फळ्यावर प्रश्न येतो: "वीज जास्त वापरली की युनिट नेहमी महागच पडतं का? तुमच्या दोन बिलांवरून सांगा." थकबाकी सोडून फक्त त्या महिन्याचं बिल घ्यायचं, त्याला युनिटने भागायचं, दोन्ही महिन्यांचा आकडा काढायचा, आणि मग आपलं म्हणणं आठ-दहा ओळींत. खाली एक ओळ "मला न समजलेलं" अशी ठेवते, व्हायवाचा अर्धा मालमसाला तिथेच मिळतो.

या प्रश्नात गंमत काय आहे ते सांगायलाच हवं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटला एक दर, 101 ते 300 ला वरचा, असे टप्पे चढत जातात. म्हणून ऐकीव उत्तर "हो, जास्त वापर म्हणजे महाग". पण बिलात स्थिर आकारही असतो, तो तुम्ही चार युनिट जाळा की चारशे. समजायला सोपे, खोटे आकडे घेऊ: पहिल्या 100 ला 5 रुपये, त्यापुढे 300 पर्यंत 10, स्थिर आकार 120. 40 युनिटवाल्याचं बिल 200 अधिक 120, म्हणजे 320, युनिट पडलं 8 रुपयांना. 98 युनिटवाल्याचं 610, म्हणजे साधारण 6 रुपये 22 पैसे. 300 युनिटवाल्याचं 2620, म्हणजे 8 रुपये 73 पैसे. आधी उतरतं, मग चढतं! गावचं घर बंद असलेल्या मुलाच्या बिलात तर युनिट एवढं महाग दिसतं की त्याला वाटतं आपलंच गणित चुकलं. पुस्तकातला सरासरी खर्चाचा वाटीसारखा कर्व्ह असा घरच्या झेरॉक्सवर सापडतो, आणि बाकावरच्या दोघांची उत्तरं उलटी असून दोन्ही बरोबर असू शकतात. असाइनमेंट निवडताना मी हेच बघते, उत्तर आणलेल्या कागदावर अवलंबून हवं.

तास संपला की मूळ कागद माझ्याकडे, मुलांनी फोन काढून फक्त आपल्या ड्राफ्टचा फोटो घ्यायचा. ड्राफ्टला शुद्धलेखन, भाषा काही बघत नाही. खरे आकडे 2, भागाकार 2, काहीतरी ठाम म्हणणं 1. एका मुलाला अर्धं मिनिट पुरतं.

पायरी 4: घरचं काम, खाली पाच ओळींची नोंद

आठवडाभरात 600 ते 700 शब्दांत पक्कं करून आणायचं. एआय वापरू नका असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी कोण ऐकतंय! फक्त शेवटी पाच ओळी हव्यात: ड्राफ्टमधलं काय बदललं, का बदललं, कोणाची किंवा कशाची मदत घेतली. "भाषा सुधारली" एवढंच लिहिलेली नोंद परत देते. "पहिल्यांदा थकबाकी धरून भागलं होतं म्हणून 21 रुपये आले, बाबांनी दाखवलं तेव्हा कळलं" अशी नोंद आली की तिथेच समाधान होतं.

पायरी 5: व्हायवा, आणि वेळ कुठून काढायचा

62 मुलं गुणिले तीन मिनिटं, 186 मिनिटं, म्हणजे नुसते आकडे बघितले तर 48 मिनिटांचे चार तास. प्रत्यक्षात मुलाने उठून यायचं, बसायचं, यात वेळ जातो म्हणून पाच धरा. हे पाच तास वेगळे मिळणार नाहीत, तेव्हा मी पुढच्या धड्याची गणितं वर्गाला सोडवायला देते आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी एकेकाला बोलावते. 120 चा वर्ग असेल तर सगळ्यांची व्हायवा जमणार नाही, मग चिठ्ठ्या टाकून वर्षात प्रत्येकाची एकदा तरी येईल असं करता येतं, पण मग 10 मार्क त्या एकाच असाइनमेंटला द्यायचे आणि हे आधी सांगून ठेवायचं.

प्रश्न तीनच, आणि सांगाडा मी आधीच फोडते, म्हणजे पहिल्या मुलाने बाहेर जाऊन बाकीच्यांना सांगितलं तरी बिघडत नाही. एक, तुझ्याच लेखातल्या एका वाक्यावर बोट ठेवून "हे म्हणजे काय, सोपं करून सांग". दोन, आकडा बदलून. तीन, ड्राफ्टमध्ये असं होतं, इथे असं झालं, का?

एक खरा प्रसंग. एका मुलाच्या ड्राफ्टमध्ये होतं की 100 च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटला वरचा दर लागतो. हा गैरसमज घरोघरी आहे. फायनलमध्ये मात्र "टेलिस्कोपिक टॅरिफ", म्हणजे वरचा दर फक्त वरच्या युनिटना, वगैरे झकास परिच्छेद. मी वरचेच खोटे दर कागदावर लिहिले आणि विचारलं, स्थिर आकार सोड, 98 चे 104 युनिट झाले तर वीज आकार किती?

तो म्हणाला, "1040, मॅडम."

"आणि 98 ला?"

"490."

"सहा युनिट जास्त जाळली आणि बिल साडेपाचशेने वाढलं?"

तो थांबला, स्वतःच्या लेखाकडे बघितलं, त्यात बरोबर उत्तराची रीत लिहिलेली होती, पण त्याला ती वापरता येईना. बरोबर उत्तर 540, शंभर युनिटचे 500 आणि चारच युनिटचे 40. मी त्याला एआयबद्दल एक शब्द विचारला नाही. ड्राफ्ट 4, लेख 5, व्हायवा 2, एकूण 11. त्याच दिवशी एक मुलगी आली, लेख अगदी रखडत लिहिलेला, 3 मार्कांचा, पण 104 ला ती लगेच 540 म्हणाली आणि वर स्वतःहून सांगितलं की शेवटच्या चार युनिटला दहा रुपये पडले तरी सरासरी पाचच्या जरा वरच राहते. ड्राफ्ट 4, व्हायवा 9, एकूण 16. जुन्या पद्धतीत नुसता लेख बघून मी त्याला 18 आणि तिला 11 दिले असते.

कुठे फसतं

तोंडी म्हटलं की काही मुलांचा घसा कोरडा पडतो, आणि न बोलणं म्हणजे न येणं नव्हे. म्हणून त्या तीन प्रश्नांआधी मी मुद्दाम एक सोपा प्रश्न टाकते, "घरात जास्त वीज कशाला जाते?" मराठी, हिंदी, इंग्रजी, गावाकडची बोली, काहीही चालतं. अडखळत बोलणाऱ्याला किंवा फारच घाबरणाऱ्याला तेच तीन प्रश्न चिठ्ठीवर देऊन माझ्यासमोर पाच मिनिटांत लिहायला सांगते, मार्क तेच.

दुसरी अडचण आपली स्वतःची. तिसाव्या मुलापर्यंत आपण कंटाळतो आणि आवडत्या मुलांना नकळत हिंट देतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाचे मार्क तिथल्या तिथे मांडते, 3, 4, 3 असे, आणि शेजारी मुलाने दिलेलं उत्तर दोन-तीन शब्दांत. नंतर कोणी "मॅडम, मला कमी का" म्हणून आलं तर "104 ला 1040" एवढं दाखवलं की पुरतं.

आणि जो मुलगा घरी चॅटजीपीटीला बिल दाखवून, प्रश्न विचारत बसून, सगळं नीट समजून येतो त्याला ही पद्धत अडवत नाही, तो 104 ला 540 च सांगणार. मी त्याला पूर्ण मार्क देते. पुढच्या वर्षी मात्र वीजबिल परत वापरणार नाही, सीनियरांकडून प्रश्न खाली उतरतो. त्याऐवजी रिक्षा मीटरची पावती की एसटीचं तिकीट यावर अडलेय, तिकिटं मिळतात भरपूर पण रिक्षावाले पावती देत नाहीत.