कशिद्याच्या बिल्ल्यावरचे नाव फोटोत बदलण्यापूर्वीची तयारी

वर्धा जिल्ह्यात टोप्यांवर आणि गणवेशांवर लावायचे बिल्ले मशीनवर भरून देणाऱ्या लहान कारखान्यांकडे एक मागणी वारंवार येते. आर्वीच्या बचत गटासाठी भरलेला बिल्ला देवळीच्या गटाला पसंत पडतो, आणि मशीनवर धागा चढवण्यापूर्वी आपल्या गावाचे नाव त्यावर कसे दिसेल हे त्यांना फोटोत पाहायचे असते. संगणकातला फॉन्ट त्या जागी टाकून वरून धाग्याचा पोत चढवला, तर काय बिघडले हे सांगता आले नाही तरी काहीतरी खोटे आहे हे पाहणाऱ्याला लगेच जाणवते. म्हणून ‘आर्वी’चे ‘देवळी’ करायला बसण्याआधी पुढील गोष्टी हाताशी आहेत ना, हे पाहून घ्यावे.

सर्वांत आधी फोटो तपासावा. अशा अक्षरांसाठी बहुधा चाळीस नंबरचा धागा वापरतात आणि साटीन टाक्यात शेजारच्या दोन धाग्यांमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर असते. म्हणजे ८ सेंटीमीटर रुंदीच्या बिल्ल्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे २०० धागे बसतात. फोटोत बिल्ल्याची रुंदी २००० पिक्सेल असेल तर प्रत्येक धाग्याच्या वाट्याला १० पिक्सेल येतात आणि काम नीट होते. हा आकडा पाचाच्या खाली गेला की धागे एकमेकांत मिसळतात आणि बदलण्यासारखे काही उरतच नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत न घेता तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. बिल्ला हातात असेल तर ओसरीत, दाराकडून एकाच बाजूने उजेड येईल असा ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून आणि फ्लॅश बंद करून नवा फोटो घ्यावा. आपल्याकडच्या भर दुपारच्या अंगणातल्या उन्हात धाग्यांची चमक पांढरी फटक होते आणि तिच्यातला तपशील नंतर काही केल्या परत मिळत नाही.

यानंतरची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती कागदावरच करावी: उजेड कोणत्या बाजूने आला आहे आणि अक्षराच्या कोणत्या भागात धागे कोणत्या दिशेने गेले आहेत. साटीन टाका अक्षराच्या रेघेला आडवा जातो. त्यामुळे शिरोरेषेतले धागे उभे असतात, काना आडव्या धाग्यांनी भरलेला असतो, आणि ‘व’च्या गोलाईत धागे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरत जातात, आतल्या कडेला दाट आणि बाहेरच्या कडेला थोडे विरळ. उजेड डावीकडून असेल तर त्याला आडवे पडणारे धागे, म्हणजे शिरोरेषेतले उभे धागे, पूर्ण लांबीभर चमकतात. कान्यातले आडवे धागे मात्र उजेडाच्या दिशेनेच पसरलेले असल्याने एकूण गडद दिसतात, आणि टाका मध्ये फुगलेला असल्यामुळे त्याच्या डाव्या उतारावर तेवढी एक अरुंद उजळ पट्टी उमटते. एकाच रंगाच्या, एकाच रिळातल्या धाग्याने भरलेली शिरोरेषा आणि काना म्हणूनच दोन वेगळ्या छटांचे दिसतात. हा फरक जिथे पुसला जातो तिथे कशिदा संपून छापील अक्षर सुरू होते.

याच कारणाने जुन्या अक्षरांतून काय उचलता येईल याची मोजदाद करताना एक नियम कडक पाळावा लागतो: उचललेला तुकडा सरकवता येतो, पण फिरवता, उलटवता किंवा ताणता येत नाही. ‘र्वी’मधला ‘व’ जसाच्या तसा मिळतो, त्यावरचा रफार तेवढा काढावा लागतो. दीर्घ वेलांटीही मिळते, मात्र ती ताणायची नसल्याने नवा ‘ळ’ जुन्या ‘व’च्या रुंदीतच बसवावा लागतो. खरी अडचण ‘ळ’च्या दोन गोलाईंची आहे. डावी गोलाई ‘व’च्या पोटातून घेता येते. उजवीसाठी तोच तुकडा आरशासारखा उलटा करण्याचा मोह होतो, पण मग डाव्या उतारावरची उजळ पट्टी उजव्या उतारावर जाते आणि त्या अर्ध्या अक्षरावर उजेड उजवीकडून आल्यासारखा दिसतो. त्याऐवजी ‘आ’कडे पाहावे. त्याच्या डाव्या भागात तीनच्या आकड्यासारखी वळणे आहेत, ती उजवीकडे फुगलेली आहेत आणि त्यांवरची चमक मुळातच योग्य बाजूला आहे. ‘द’चे पोटही ‘व’मधूनच निघते, आणि ‘दे’ची मात्रा वेलांटीच्या उजवीकडे उतरणाऱ्या खांद्यातून, रफाराचा स्पर्श झालेला भाग सोडून, कापता येते.

‘द’ची खाली उजवीकडे जाणारी शेपटी मात्र जुन्या नावात कुठेच नाही, म्हणून ती धागा-धागा करून काढायची तयारी ठेवावी. धाग्याएवढ्या जाडीचा ब्रश घ्यावा आणि रंगाच्या तीन छटा जुन्या अक्षरातल्या तिरप्या भागातूनच उचलाव्यात: सुई कापडात शिरते त्या टोकांची गडद, मधल्या भागाची साधारण आणि फुगवट्यावरची उजळ. प्रत्येक रेघ शेपटीला आडवी, आधीच्या रेघेला चिकटून काढावी आणि तिचे टोक किंचित मागेपुढे ठेवावे, कारण खऱ्या टाक्यांची कड दातेरी असते. शेपटी निमुळती होईल तसे धागे आखूड करावेत, बारीक मात्र करू नयेत. धाग्याची जाडी संपूर्ण बिल्ल्यावर एकच असते.

मागचे कापड बहुधा ड्रिलचे असते आणि त्यावर तिरप्या रेघा असतात. जुनी अक्षरे पुसताना `Heal` हे साधन त्या रेघा पुसट करते, म्हणून `Clone` वापरावे आणि नमुन्याचा बिंदू रेघेला रेघ जुळेल असाच निवडावा. कापडाच्या जागी भरीव टाक्यांची जमीन असेल तर टाक्यांची विटांसारखी रचनाही याच रीतीने जुळवावी. उठलेल्या अक्षरांची उजेडाच्या विरुद्ध बाजूला साधारण एका धाग्याएवढी सावली पडते. नवी सावली अक्षरांखालच्या वेगळ्या लेअरवर काढावी आणि जुन्या अक्षरांची सावली कापडावर राहून गेली नाही ना, हेही पाहावे.

तपासणीसाठी रंग काढून टाकलेली करडी प्रत तयार ठेवावी. तिच्यात ‘देवळी’ची शिरोरेषा आणि काना यांच्या उजळपणातला फरक मूळ ‘आर्वी’तल्या फरकाएवढाच हवा, आणि दोन तुकड्यांच्या जोडावर चमक एकदम तुटता कामा नये. त्यानंतर फोटो मोबाइलच्या पडद्याएवढा लहान करून पाहावा, कारण ग्राहक तो तसाच पाहणार असतो. जवळून निर्दोष वाटणारा जोड अनेकदा इथेच डागासारखा उठून दिसतो. पोलीस, वनविभाग किंवा अन्य शासकीय चिन्हांचे बिल्ले अशा कामासाठी घेऊ नयेत.

ग्राहकाला फोटो पाठवताना तो संगणकावर केलेला नमुना आहे असे त्यावरच लिहावे. मशीनची फाइल बनवणाऱ्या कारागिराला मात्र फोटोसोबत धाग्यांच्या दिशांची ती कागदी नोंदही द्यावी. ‘ळ’च्या दोन गोलाई जिथे भेटतात तिथे टाके एकावर एक चढून गाठ होण्याची शक्यता असते, आणि त्या जागी कोणती गोलाई आधी भरायची हे त्यालाच ठरवायचे असते.