काड्यांचा पूल एका अंगाला कलंडून मोडत असेल तर (माझा अनुभव)

सांगलीत मुलीच्या आठवीच्या प्रकल्पासाठी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला. दोन टेबलांमध्ये ४० सेंमी अंतर, मधोमध बादली टांगून लिटर-लिटर पाणी ओतायचं. एक लिटर म्हणजे एक किलो. (रिकाम्या बादलीचं वजनही धरा.) दर वेळी चार किलोच्या आसपास पूल एका अंगाला कलंडायचा.

गोंद वाढवला, खालच्या पट्टीत काड्या दुप्पट केल्या, फरक नाही. तीन संध्याकाळी गेल्या, मुलगी रडकुंडीला आली.

मग मोडलेला पूल नीट पाहिला. खालची एकही काडी तुटलेली नव्हती, वरची पट्टी बाहेर वाकली होती. पुलाची खालची पट्टी ताणली जाते, वरची दाबली जाते. आणि लांब, बारीक काडी दाबाने तुटण्याआधीच बाजूला वाकते.

म्हणून आधी वरच्या पट्टीत काड्या दुहेरी केल्या, सांधे अर्ध्या काडीने पुढेमागे ठेवून. प्रत्येक सांध्याला कपड्यांचा चिमटा लावून रात्रभर वाळवलं. मग दोन्ही बाजू उभ्या करून वरच्या पट्ट्या आडव्या काड्यांनी जोडल्या आणि प्रत्येक चौकटीत फुली बसवली. फुली नसेल तर चौकट तिरकी होते, म्हणून हीच पायरी मुख्य.

नवा पूल ११ किलोपर्यंत टिकला. या वेळी कलंडला नाही, खालचा एक सांधा सुटला.