घरच्या विजेचा कार्बन काढताय? या चुका टाळा

हिशोब तसा सोपा आहे, वर्षाचे युनिट गुणिले एका युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण युनिट काढतानाच सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे उपकरणाच्या मागच्या स्टिकरवरचे वॅट घ्यायचे, तासांनी गुणायचे आणि झालं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मोठ्या हौसेने वही भरून आणली होती. फ्रिजवर २५० वॅट लिहिलंय, २४ तास चालू असतो, म्हणजे दिवसाला ६ युनिट आणि वर्षाला २,१९० युनिट. असं सगळ्या वस्तूंचं करत बेरीज गेली ५,३०० वर. मी म्हटलं काका, वीजबिल आणा. बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटचा तक्ता असतो, तो जोडला तर अख्ख्या घराचे वर्षाचे २,०४० युनिट! म्हणजे घरापेक्षा एकटा फ्रिजच जास्त वीज खात होता.

फ्रिजचा कॉम्प्रेसर सतत पूर्ण ताकदीने चालत नाही, आत गार झालं की थांबतो किंवा इन्व्हर्टरचा असेल तर हळू होतो, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या स्टिकरवरच्या आकड्यात बऱ्याचदा बर्फ वितळवणारा हीटरही धरलेला असतो जो थोडाच वेळ लागतो. आम्ही प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आठवडाभर लावून ठेवला, ५.६ युनिट आले. दिवसाला ०.८, वर्षाला साधारण २९२. एका दिवसावर विसंबू नका, फ्रिज किती उघडला आणि आत काय ठेवलं यावर आकडा हलतो.

गिझरचंही तेच. १५ लिटर पाणी २५ अंशावरून ६० अंशावर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, २,००० वॅटचा गिझर ते १८-२० मिनिटांत करतो आणि दिवा विझतो. बटण तासभर चालू होतं म्हणून २ युनिट धरले की तिप्पट चूक.

मी स्वतः नेहमी बिलापासूनच सुरू करते. आधी वर्षाचे एकूण युनिट, मग त्यातून मोठ्या वस्तू मोजून वजा करायच्या, जे उरेल ते टीव्ही, दिवे, मिक्सर, बाकी सगळं. एसीसाठी एप्रिल-मेचं बिल फेब्रुवारीच्या बिलाशी ताडून बघते, वाढीत थोडे पंखेही येतात पण अंदाज बरा येतो. याला वेळ लागतो, पाच मिनिटांत उत्तर हवं असणाऱ्यांना हे आवडत नाही, पण बेरीज बिलाशी जुळत नसेल तर पुढचा गुणाकार करण्यात अर्थच नाही.

आता दुसरी चूक, युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड हा आकडा कुठूनही उचलायचा. माझ्या भाच्याने परदेशी कॅल्क्युलेटर वापरला, त्यात ब्रिटनचा आकडा होता, २०२३ चा साधारण ०.२ किलो. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा सरासरी आकडा ०.७२७ किलो आहे, कारण आपली बहुतेक वीज कोळशाची. महाराष्ट्राचा वेगळा आकडाही शोधत बसू नका, रायचूर-सोलापूर लाइन जोडल्यावर २०१३ च्या शेवटी देशाचं ग्रिड एकच झालं, आणि प्राधिकरणाची सरासरीही अख्ख्या देशाची असते.

यातून काय गोंधळ होतो ते बघा. एका कुटुंबाने आधीच्या वर्षासाठी नेटवरचा जुना ०.८२ घेतला (तो दहाएक वर्षांपूर्वीचा), या वर्षासाठी ०.७२७, आणि सांगितलं की आम्ही १९० किलो वाचवले. दोन्ही वर्षी युनिट तेच, २,०४०! १,६७३ चे १,४८३ झाले ते फक्त आकडा बदलल्यामुळे. स्वतःची बचत बघायची असेल तर दोन्ही वर्षांना एकच आकडा लावा. वर्षाचा खरा हिशोब मांडायचा असेल तर त्या-त्या वर्षाचा.

हे ०.७२७ वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या युनिटचं आहे, तुमच्या मीटरपर्यंत येताना तारांत होणारं नुकसान त्यात नाही. समजा १५ टक्के गळती धरली तर ०.७२७ भागिले ०.८५, म्हणजे मीटरपाशी ०.८५५ किलो, आणि काकांच्या घराचे १,४८३ किलोचे १,७४४ होतात. दोन्ही बरोबर आहेत, पण कुठला घेतला ते लिहा, शेजारच्यांशी तुलना करताना एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरा असं नको.

बाकी पटकन सांगते. एका महिन्याचं बिल गुणिले बारा करू नका, मे आणि डिसेंबर सारखे नसतात. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड एक समजू नका, ३.६७ पटीचा फरक आहे. आणि छतावर सोलार असेल तर नेट मीटरचं बिल म्हणजे तुमचा वापर नव्हे, दुपारी घरातच वापरलेली वीज त्या मीटरपर्यंत पोहोचतच नाही, ती इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये बघावी लागते.