टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार एकाच रिमोटवर कसे चालवावेत

एचडीएमआय केबलमध्ये चित्र आणि आवाजाच्या तारांसोबत आणखी एक तार असते, १३ क्रमांकाच्या पिनची. टीव्हीला दिलेला हुकूम या तारेवरून बॉक्स आणि साउंडबारपर्यंत पोहोचतो. या सोयीचं नाव सीईसी. बहुतेक टीव्हींमध्ये ती असते, पण ती चालू आहे की नाही ते सेटिंगमध्ये पाहावं लागतं.

आधी जोडणी. साउंडबारची केबल टीव्हीच्या ज्या खाचेवर HDMI ARC किंवा eARC लिहिलंय तिथेच लावा, आणि बारच्या बाजूलाही तशाच खाचेत. बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या कुठल्याही एचडीएमआय खाचेत चालेल. बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या जुन्या केबलवर असेल तर त्यातून हुकूम जात नाही.

आता टीव्हीची सेटिंग. सीईसीला प्रत्येक कंपनीनं स्वतःचं नाव दिलंय, म्हणून लोकांना ती सापडत नाही. सॅमसंगमध्ये Anynet+, एलजीमध्ये SIMPLINK, सोनीमध्ये BRAVIA Sync शोधा आणि चालू करा. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये टीव्हीच्या स्पीकरऐवजी एचडीएमआयवरचा बार निवडा. बार आणि बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत सीईसीची सेटिंग असेल तर तीही चालू करा.

टीव्हीच्या रिमोटनं आवाज वाढवून बघा. बारचा आवाज वाढला की अर्धं काम झालं. टीव्ही आणि बार दोन्हीतून आवाज येत असेल, तर टीव्हीचा स्पीकर अजून चालू आहे.

खरी अडचण बॉक्सची. टीव्हीच्या रिमोटचे बाण दाबून बॉक्सचा मेनू हलतो का पाहा. हलला तर बॉक्स हुकूम ऐकतो. अजिबात हलला नाही आणि बॉक्सच्या मेनूतही सीईसीचं नाव नसेल, तर बहुधा त्या बॉक्समध्ये ही सोयच नाही. केबल बदलून उपयोग नाही. अँड्रॉइड बॉक्समध्ये ती सहसा असते, केबलवाल्याच्या साध्या बॉक्समध्ये बऱ्याचदा नसते. तसं असेल तर आवाज आणि चालू-बंद टीव्हीच्या रिमोटवर ठेवा, चॅनेल बॉक्सच्या रिमोटवर. आणि एकाच बॉक्सवर स्प्लिटर लावून दोन खोल्यांत टीव्ही चालवत असाल, तर आधी स्प्लिटर काढून तपासा. स्वस्तातले स्प्लिटर सीईसीची तार पुढे देतीलच असं नाही.

लातूर, परभणी, बीडकडे उन्हाळ्यात लाईट जाते-येते, आणि कालपर्यंत नीट चाललेलं सगळं अचानक अडतं. याचं कारण असं की प्रत्येक यंत्र चालू होताना या तारेवर आपला पत्ता ठरवून घेतं. लाईट आल्यावर तिन्ही एकदम उठली की त्यात घोळ होऊ शकतो. अशा वेळी सेटिंग उलटसुलट करू नका. तिन्हींचे प्लग काढा, दोन मिनिटं थांबा. आधी टीव्ही लावा, तो पूर्ण चालू होऊ द्या, मग बार आणि शेवटी बॉक्स. तरी आवाज बारमधून येईना, तर टीव्हीची सीईसी सेटिंग एकदा बंद करून पुन्हा चालू करा.