बिल दुरुस्त केलं, तरी पुढचं बिल पुन्हा चुकतं? तपासणीच्या स्क्रीनमधल्या या चुका टाळा

खरेदीच्या जीएसटी बिलांतून बिल क्रमांक, तारीख, जीएसटीआयएन आणि रकमा आपोआप उचलणारी यंत्रणा बसवली, की तिच्यासोबत तपासणीची स्क्रीन लागतेच. यंत्रणेनं चुकीचं उचललं, तर तिथे बसलेला माणूस ते सुधारतो. पण त्याच पुरवठादाराच्या पुढच्या बिलावर तीच चूक दिसली, तर दुरुस्ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचली आणि यंत्रणेच्या हाती काहीच लागलं नाही, असं समजावं.

एक बिल घेऊ. मालाची किंमत १,००,०००, सीजीएसटी ९,०००, एसजीएसटी ९,०००, बिलाची एकूण रक्कम १,१८,०००. त्याखाली मागची बाकी ४२,५०० आणि शेवटी ठळक अक्षरांत एकूण येणे १,६०,५००. यंत्रणा खालचा ठळक आकडाच बिलाची रक्कम म्हणून उचलते. तपासणारी व्यक्ती तो खोडून ११८००० टाइप करते आणि पुढे जाते.

फक्त नवा आकडा साठवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ११८००० हा आकडा पुढच्या बिलाला निरुपयोगी आहे, कारण त्यावर रक्कम वेगळी असणार. पुढे उपयोगी पडते ती कागदावरची जागा. टाइप केलेल्या आकड्यावरून ती मागाहून शोधता येईलच असं नाही. १,१८,००० हा आकडा बिलात दोन-तीन ठिकाणी छापलेला असू शकतो.

म्हणून स्क्रीनवर बिलाचं चित्र आणि रकाने शेजारी-शेजारी ठेवा. रकान्यात गेल्यावर तो आकडा जिथून उचलला, ती चौकट चित्रावर उजळू द्या. आणि दुरुस्ती करताना चित्रातल्या योग्य आकड्यावर क्लिक केलं, की तोच मजकूर रकान्यात येऊ द्या. यात टाइप करण्यापेक्षा कमी वेळ जातो, त्यामुळे लोक ते आनंदानं वापरतात. नोंद अशी राहते:

```json
{
  "field": "invoice_total",
  "extracted": "1,60,500.00",
  "corrected": "1,18,000.00",
  "page": 1,
  "box": [412, 655, 498, 672],
  "reason": "wrong_location"
}
```

मजकूर कागदावर आहे तसाच ठेवा आणि तुलना मात्र संख्या म्हणून करा. नाहीतर स्वल्पविराम काढला एवढ्यावरूनही दुरुस्ती झाल्याची नोंद होते.

सगळ्या दुरुस्त्या एकाच पोत्यात भरणं

नोंदीतलं `reason` शोभेसाठी नाही. जागा चुकली असेल तर योग्य जागा शिकवायची. वाचन चुकलं असेल, म्हणजे ५ चा एस झाला किंवा शून्याचा ओ, तर बरेचदा साधा नियमच पुरतो. जीएसटीआयएनमध्ये १५ अक्षरं असतात. पहिले दोन अंक राज्याचे, ८ ते ११ या जागी अंकच येतात आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं. असा घोळ माणसासमोर येण्याआधीच पकडता येतो.

तिसरा प्रकार धोक्याचा आहे. जीएसटीआयएन बिलावरच चुकीचा छापलाय आणि तपासणाऱ्यानं पुरवठादाराच्या यादीतून खरा टाकला. हिशेबासाठी ते योग्यच. पण हीच नोंद प्रशिक्षणात गेली, तर कागदावर नसलेलं वाचायला आपण यंत्रणेला शिकवतो. ‘कागदावर असं नाही’ हे कारण निवडलं, की ती नोंद शिकण्यातून वगळा. कारणं तीन-चारच ठेवा; लांबलचक यादी दिली की प्रत्येक जण पहिलाच पर्याय निवडतो.

हात न लावलेलं ते बरोबर, असं धरणं

गर्दीच्या वेळी ‘सगळं मान्य’ बटण सरसकट दाबलं जातं. ज्या रकान्याकडे कोणी पाहिलंच नाही, तोही मग खात्रीचा नमुना ठरतो आणि यंत्रणा स्वतःच्याच चुका घोटत बसते. प्रत्यक्ष उघडून मान्य केलेले रकाने वेगळे नोंदवा. मान्य झालेल्यांपैकी थोडी बिलं दुसऱ्या व्यक्तीकडे यंत्रणेचा आकडा न दाखवता भरायला द्या. दोघांत किती फरक पडतो, त्यावरून मान्यतेचं खरं वजन कळतं.

एका दुरुस्तीवरून लगेच नियम बदलणं

आपल्या बिलात शिकायचं ते असं: एकूण रक्कम ‘इन्व्हॉइस टोटल’ या मथळ्याच्या उजवीकडे असते, ‘एकूण येणे’च्या समोर नाही. चौकटीचे नुसते आकडे धरून ठेवले, तर मालाच्या ओळी वाढल्या की जागा खाली सरकते आणि नियम फसतो. हा नियम फक्त त्या जीएसटीआयएनच्या त्याच मांडणीला लावा, कारण एकाच पुरवठादाराच्या दोन शाखा वेगळ्या नमुन्यात बिल देऊ शकतात.

दोन-तीन बिलांवर तीच दुरुस्ती आली, की नियम आधी त्या मांडणीच्या जुन्या, तपासलेल्या बिलांवर चालवा. ही बिलं शिकवण्यासाठी वापरलेली नसावीत. किंमत, कर आणि राउंड ऑफ मिळून एकूण जुळते का, हेही पाहा. १,६०,५०० इथेच पकडला गेला असता.

पुरवठादारानं बिलाचं सॉफ्टवेअर बदललं, की चांगला चाललेला नियमही अचानक चुकू लागतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीसोबत तो आकडा कोणत्या नियमानं उचलला होता, तेही साठवा. एखाद्या नियमावर पुन्हा दुरुस्त्या येऊ लागल्या, तर तो आपोआप बंद होऊन ती बिलं माणसाकडे जाऊ द्या.