अंधारात मोज्यांची जोडी: किमान किती काढावेत?

खणात १० काळे, ८ पांढरे आणि ६ तपकिरी मोजे सुटे पडले आहेत आणि लाइट गेली आहे. एकाच रंगाचे दोन मोजे नक्की मिळावेत, तर किमान किती काढावे लागतील?

आधी कप्पे ठरवा. इथे कप्पा म्हणजे रंग, म्हणजे कप्पे तीन. तीन कप्प्यांत चार मोजे गेले की एकात दोन येणारच, म्हणून उत्तर ४. हेच ते कबुतरखान्याचं तत्त्व. १०, ८, ६ या आकड्यांची इथे गरज नाही. ते घेऊन भागाकार करणारे शक्यता काढत बसतात, आणि विचारलेली असते खात्री.

आता गाडी अडते ती पायरी. ‘चार मोजे, तीन रंग’ पाठ करून पुढचा प्रश्न सुटत नाही. दर वेळी स्वतःला एकच विचारा: हवं ते न मिळता जास्तीत जास्त किती मोजे हातात येऊ शकतात? त्या संख्येत एक मिळवा. इथे नशीब पूर्ण विरोधात आहे असंच धरायचं. ‘एवढं वाईट कुठे होतं?’ असं म्हटलं की उत्तर चुकलंच.

समजा काळीच जोडी हवी आहे. मग ८ पांढरे, ६ तपकिरी आणि एक काळा असे १५ मोजे काढूनही ती हुकू शकते. म्हणून उत्तर १६. मघाशी बिनकामाचे ठरलेले आकडे आता लागले.

एकाच रंगाचे तीन मोजे हवे असतील, तर प्रत्येक रंगाचे दोन-दोन, म्हणजे सहा निघेपर्यंत तिसरा मिळेलच असं नाही, उत्तर ७. पण खणात तपकिरी मोजा एकच असता तर? पुष्कळ जण इथेही सूत्र लावून ७ म्हणतात. खणात नसलेला दुसरा तपकिरी मोजा वाईटात वाईट नशिबातही हातात येणार नाही. दोन काळे, दोन पांढरे, एक तपकिरी असे पाचच अडवू शकतात, म्हणून उत्तर ६. सूत्र वापरण्याआधी प्रत्येक कप्प्यात तेवढा माल आहे का ते बघाच.

उत्तर तपासायला दोन्ही बाजू हव्यात. एक कमी काढल्यावर फसणारी निवड प्रत्यक्ष लिहून दाखवा, आणि उत्तराएवढे काढल्यावर फसणं का अशक्य आहे ते सांगा. नुसती दुसरी बाजू दाखवली तर मोजे पुरेसे आहेत एवढंच कळतं, ते किमान आहेत हे नाही.

हातमोज्यांना मात्र रंगांचे कप्पे चालत नाहीत, कारण दोन डावे मिळून जोडी होत नाही. काळ्या ५ आणि तपकिरी ४ जोड्या असतील, तर सगळे ९ डावेच हाती येऊ शकतात. जोडीची खात्री दहाव्याला.