घसरणारा स्कार्फ

पावसाळ्यात दोन दिवस केस धुतले नव्हते. पुढचे कपाळाला चिकटलेले, मागचे फुगलेले. सॅटिनचा स्कार्फ हेअरबँडसारखा बांधला, तर लोकल दादरला पोहोचेपर्यंत तो मागे घसरला. दिसायला छान, पण कापड फारच गुळगुळीत!

आता सुती चौकोनी रुमाल घेते. समोरासमोरचे कोपरे जुळवून, तिरकी घडी घालत तीन बोटं रुंद पट्टी करते. तिरकं कापड थोडं ताणलं जातं, त्यामुळे डोक्याला नीट बसतं. गाठ मानेवर, केसांखाली. कानांमागे एकेक टिकटॅक क्लिप पट्टी आणि केस दोन्ही पकडून लावते. मग पट्टी अर्धा इंच पुढे ढकलली की चपटे केस जरा उचलले जातात. कानशिलापाशी दोन बटा मोकळ्या सोडते. त्या तेलकट असतील तर मात्र आतच बऱ्या.